अँटिबायोटिक बरोबर, तरी गुण येईना? वॉर्डातल्या या चुका टाळा

फार्माकॉलॉजीच्या पेपरात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचं स्पेक्ट्रम सगळे धडाधड लिहितात, पण ठाण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलात पोस्टिंगला गेलात की कळतं, गडबड औषध निवडण्यात कमी आणि ते देण्यात जास्त होते. एक केस घेऊ. कोपरीच्या मावशी, वय ६२, डायबेटिस, थंडी वाजून ताप, कमरेत दुखतंय, लघवीला जळजळ. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी लिहिलं: ब्लड कल्चरचे दोन सेट, युरिन कल्चर, पिप-टॅझ ४.५ ग्रॅम स्टॅट, मग दर ६ तासांनी. क्रिएटिनिन नॉर्मल.

पहिली चूक इथेच. सलाईन लावलंच आहे तर इंजेक्शन देऊन टाकू, कल्चर वॉर्डात घेतील, असं म्हणून पेशंट वर पाठवतात. एक डोस गेला तरी जंतू वाढण्याची शक्यता बरीच घटते, मग रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ' आणि मोठं अँटिबायोटिक कमी करायला कुणाचा हात धजत नाही. आधी कल्चर, लगेच डोस. पण शीर सापडत नाही म्हणून डोस अडवून बसायचं नाही, साधारण ४५ मिनिटांपेक्षा जास्त खोळंबा होणार असेल तर डॉक्टरांना सांगून औषध सुरू करायचं, आणि शॉक असेल तर पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे.

त्याच्यापुढची गंमत म्हणजे एकाच बाटलीत ३ मिली रक्त. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली लागतं, दोन सेट म्हणजे दोन वेगळ्या जागांहून चार बाटल्या, नातेवाईक हमखास विचारतात "सिस्टर, एवढं रक्त कशाला?", तेव्हा नीट सांगायचं की रक्तात जंतू फार थोडे असतात, थोड्या रक्तात ते सापडतच नाहीत. आणि दोन जागा का? तर कातडीवरचा स्टॅफायलोकोकस चारपैकी एकाच बाटलीत आला तर तो बहुतेक कातडीवरून आलेला, पण बाटलीच एक असेल तर ठरवणार कसं, मग उगाच व्हॅन्कोमायसिन सुरू होतं. क्लोरहेक्सिडिन लावून पूर्ण सुकू द्या, बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा, पुसलेल्या जागी परत बोट लावू नका. रक्ताची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. युरिनचा सॅम्पल मात्र लॅबला जायला दोन तासांहून उशीर होणार असेल तर फ्रीजमध्येच. आणि कॅथेटर असेल तर युरोबॅगमधून नाही, पोर्टमधून घ्या.

आता वेळ, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. मावशींना स्टॅट डोस मिळाला रात्री ९ ला. पुढचा ड्यू पहाटे ३ ला. पण वॉर्डाचं टायमिंग ६-१२-६-१२, आणि ११ ला वॉर्डात आलेल्या पेशंटची नाईट सिस्टरने ओव्हर घेताना १२ चा डोस "आत्ताच तर झालाय" म्हणून सोडला की थेट सकाळी ६, म्हणजे ९ तासांचं अंतर! पिपरासिलिनची हाफ लाईफ साधारण एक तास, आणि हे औषध रक्तातली पातळी एमआयसीच्या वर किती वेळ राहते त्यावर चालतं, त्यामुळे शेवटचे तास जंतू मोकाट. उपाय साधा आहे, ओव्हरमध्ये 'दिलं' एवढंच न म्हणता 'किती वाजता दिलं, पुढचा कधी' हे बोलायचं आणि चार्टवर लिहायचं. वॉर्डाच्या वेळेत बसवायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून हा डोस अलीकडे घ्या, लांबवू नका. हा नियम जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिनला लावू नका हं, तिथे लवकर डोस किडनीला महागात पडू शकतो.

अजून एक, कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. १०० मिली सलाईनमध्ये औषध घालून अर्ध्या तासात सोडलं, बाटली रिकामी झाली, सेट काढून टाकला. नळीत १५ मिली राहिलं असेल तर ४.५ ग्रॅममधलं जवळजवळ ०.७ ग्रॅम कचऱ्यात गेलं. त्याच स्पीडने थोडं सलाईन सोडून नळी रिकामी करा.

तिसऱ्या दिवशी कल्चरला ई. कोलाय आला, सिप्रोफ्लॉक्सासिनला सेन्सिटिव्ह. रिपोर्ट फाईलला लावून गप्प बसू नका, राउंडला "सर, रिपोर्ट आलाय, पिप-टॅझ चालूच ठेवायचं का?" हे सिस्टरने विचारायचंच. ताप उतरलाय, तोंडाने खातायत, तर डॉक्टर गोळीवर आणतात.

डिस्चार्जच्या वेळी "सकाळ-संध्याकाळ एक-एक" एवढ्यावर भागत नाही. मावशींना कॅल्शियमची गोळी चालू आहे, आणि सगळ्या गोळ्या एकदम, कपभर दुधाबरोबर घ्यायची सवय. कॅल्शियम सिप्रोला पोटातच धरून ठेवतं, रक्तात औषध कमी जातं. सिप्रो सकाळी ८ आणि रात्री ८ ला साध्या पाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी २ ला. लोह आणि अँटासिडलाही हेच. शिवाय ग्लिमेपिराईड चालू असेल तर सिप्रोबरोबर साखर एकदम उतरू शकते, घाम-थरथर आली तर साखर खाऊन लगेच फोन करा हे मुलीलाही सांगा.

मग "कळलं ना?" विचारू नका, त्या हो म्हणणारच. "मावशी, उद्या सकाळी गोळ्या कशा घेणार, मला सांगा बघू" असं विचारा. त्या "चहा झाला की सगळ्या" म्हणाल्या तर वेळेचा कागद परत हातात घ्या.