या चुका टाळा: ट्रकमधील सोयाबीनचा एकत्रित नमुना आणि उचलींची संख्या

एका जागी परखी, म्हणजे धान्य काढायची पोकळ नळी, पूर्ण खोलीपर्यंत खुपसून जेवढे धान्य बाहेर येते, त्याला मी या लेखात ‘उचल’ म्हणेन. अशा अनेक उचली एकत्र करून जो नमुना तयार होतो, तो एकत्रित नमुना. ट्रक दारात आला की नमुने घेणारा नवा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की उचली किती घ्यायच्या. त्याला एक आकडा हवा असतो. तो आकडा कशावर अवलंबून आहे, हे ऐकून घेण्याइतका धीर फारच थोड्यांजवळ असतो, आणि पुढच्या जवळपास सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक: हात पोहोचेल तिथूनच उचली घेणे

लातूर भागातील एका गोदामात काही वर्षांपूर्वी 24 टन सुटे सोयाबीन घेऊन एक ट्रक आला. नमुना घेणाऱ्या मुलाने मागचे फळके उघडून तिथेच तीन उचली घेतल्या. ओलावा, म्हणजे बाजारात ज्याला ‘हवा’ म्हणतात ती, अनुक्रमे 10.2, 10.4 आणि 10.6 टक्के आली. तिन्ही आकडे इतके जवळजवळ आल्यामुळे सगळ्यांनाच खात्री वाटली आणि माल उतरवायला परवानगी मिळाली. निम्मा ट्रक रिकामा होत आला, तेव्हा केबिनच्या बाजूचे सोयाबीन हाताला ओलसर आणि कोमट लागू लागले. रात्रीच्या पावसात ताडपत्री तिथेच फाटलेली होती.

उतरवणे थांबवून मी त्यानंतरच्या तशाच एका ट्रकमध्ये, ज्याची ताडपत्री त्याच पावसात भिजली होती, लांब परखीने आठ जागी, मागून पुढे आणि दोन्ही बाजूंना वाटून, पूर्ण खोलीच्या उचली घेतल्या व प्रत्येकीचा ओलावा वेगळा मोजला. मागील व मधल्या भागातील पाच उचली 10.2, 10.4, 10.6, 10.3 आणि 10.5 अशा होत्या. केबिनजवळच्या तीन 12.5, 13.8 आणि 14.1. आठही एकत्र केल्या असत्या, तर सरासरी 11.55 टक्के आली असती आणि 12 टक्क्यांच्या मर्यादेत हा ट्रक बसला असता. पण त्यातील 14 टक्क्यांचे सोयाबीन ढिगाऱ्यात पडून तापते आणि बुरशी धरते. शेजारचे दाणे कोरडे असल्यामुळे ते वाचत नाही. अशा ट्रकचे दोन भाग करून दोन्ही भागांचे स्वतंत्र नमुने घ्यावेत, हेच माझे मत आहे. एकत्रित नमुना सरासरी सांगतो. जिथे निर्णय सरासरीवर होणार नाही, तिथे तो घेऊन उपयोग नाही.

तीन उचली एकमेकींशी जुळल्या, म्हणजे त्या ट्रकशी जुळल्या असे होत नाही. एकाच कोपऱ्यातून तीसऐवजी तीनशे उचली घेतल्या, तरी तो कोपराच अधिक अचूक कळतो. सुटा माल टोपलीने किंवा पट्ट्यावरून ओतला जातो, तेव्हा मोठे दाणे उतारावरून कडेला घरंगळतात आणि माती व बारीक तुकडे मध्यभागी राहतात. वाटेत धक्के बसून बारीक माल खालीही जातो. म्हणून परखी तळापर्यंत जायलाच हवी. ट्रकच्या वरच्या थरातून मूठभर धान्य उचलणाऱ्याला मी नमुना घेणारा मानत नाही.

दुसरी चूक: उचलींचा आकडा मालाच्या वजनावरून ठरवणे

वजनावर आधारलेले तक्ते आहेत आणि ते कामाचेही आहेत. 15 ते 30 टनांच्या सुट्या ट्रकसाठी धान्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात किमान आठ जागा सांगितल्या आहेत. पोत्यांचा नियमही सर्वत्र वापरला जातो: दहापर्यंत पोती असतील तर प्रत्येक पोते, शंभरपर्यंत असतील तर दहा पोती, आणि त्याहून जास्त असतील तर एकूण पोत्यांच्या वर्गमुळाइतकी. 484 पोत्यांच्या गाडीतून 22 पोती निवडायची. हे किमान आकडे आहेत. लोक ते पुरेसे आकडे समजतात.

प्रत्यक्षात उचलींची गरज माल किती असमान आहे, यावर ठरते. उचलींचे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन s असेल, आणि सरासरीत ±E इतकी चूक चालणार असेल, तर लागणाऱ्या उचलींच्या n या संख्येचा ढोबळ हिशेब असा:

```
n = (2 × s / E)²
```

वरच्या आठ उचलींचे प्रमाण विचलन सुमारे 1.66 येते. आठ उचलींच्या सरासरीतली संभाव्य चूक त्यामुळे साधारण ±1.2 टक्के ठरते, म्हणजे 11.55 हा आकडा 12 च्या खाली आहे असे खात्रीने म्हणताच येत नाही. चूक ±0.5 पर्यंत आणायची असेल, तर 44 उचली लागतील; ±1 चालत असेल तर 11. याउलट एकाच शेतकऱ्याचा, नीट वाळवलेला माल असेल आणि s केवळ 0.3 असेल, तर ±0.5 साठी हिशेबाने दोनच उचली पुरतात. तरीही मी आठच घेतो, कारण माल एकसारखा आहे हे मला आठ उचली घेतल्यावरच कळते. हा हिशेब जागा कुणाच्याही सोयीने न निवडता, यादृच्छिक पद्धतीने निवडल्या असतील तरच खरा ठरतो, आणि चूक निम्मी करायला उचली दुप्पट नव्हे, चौपट लागतात.

ओलाव्यासाठी ठरवलेली संख्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला लावणे ही याच चुकीची अधिक महाग आवृत्ती आहे. तिथे हजारो दाण्यांपैकी थोडेच दाणे विषारी असतात, पण त्यांत विष खूप असते. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत मोठ्या लॉटमधून सुमारे 100 ग्रॅमच्या 100 उचली घेऊन 10 किलोचा एकत्रित नमुना करायला सांगितले आहे.

लहान, पण नेहमीच्या चुका

उचली लहानमोठ्या ठेवू नयेत. मोठी उचल सरासरीला आपल्याकडे ओढते. पोती निवडताना थप्पीच्या बाहेरच्या रांगेवरच थांबू नये. आतली पोती काढायला हमालांना वेळ लागतो, तो द्यावाच. एकत्रित नमुना कमी करताना वरून ओंजळ घेऊ नये. नमुना सारखा वाटणारा विभाजक नसेल तर ढीग करून चार भाग पाडावेत आणि समोरासमोरचे दोन ठेवावेत. ओलाव्याचा नमुना कापडी पिशवीत ठेवू नये. तो लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा.

एक सवय मी स्वतः कधी सोडलेली नाही. पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम उचली एका बादलीत आणि सम उचली दुसऱ्या बादलीत टाकतो, आणि दोन्ही बादल्यांचे नमुने वेगळे तपासतो. दोन निकालांत 0.3 चा फरक असेल तर मी सरासरी लिहून सही करतो. फरक 1 च्या आसपास गेला, तर सरासरी काढतच नाही. ट्रकवर पुन्हा चढतो आणि या वेळी प्रत्येक उचल वेगळी मोजतो. या पद्धतीला दुसऱ्या बादलीखेरीज आणि एका जादा तपासणीखेरीज काही लागत नाही, तरीही ‘एवढा वेळ कुठे आहे’ असे मला दर हंगामात कुणीतरी ऐकवते. फाटलेल्या ताडपत्रीच्या त्या पहिल्या ट्रकचा माल उतरवून, वेगळा करून पुन्हा वाळवायला आम्हाला तीन दिवस लागले होते.