रँडम वॉक परत येतो की नाही: या चुका टाळा

जळगावात एम.एस्सी.च्या पोरांना शिकवताना दरवर्षी त्याच चुका दिसतात. पोल्याचं १९२१ चं प्रमेय सगळ्यांना पाठ असतं. रँडम वॉक म्हणजे प्रत्येक पावलाला शेजारच्या बिंदूंपैकी कुठलाही एक सारख्याच शक्यतेने निवडत भटकणं. रेषेवर आणि चौकटीच्या प्रतलावर असा भटकणारा मूळ जागी हमखास परततो, पुन्हा पुन्हा परततो. त्रिमितीत परतण्याची शक्यता सुमारे ०.३४. घसरतात ते कारण सांगताना.

पहिली चूक: "मूळ जागी असण्याची शक्यता शून्याकडे जाते, म्हणून परतत नाही." अरे, ती रेषेवरही शून्याकडेच जाते! 2n व्या पावलाला ती साधारण 1/√(πn) असते. बघायची ती सगळ्या पावलांवरच्या या शक्यतांची बेरीज, म्हणजे एकूण परतण्यांची सरासरी. एकदा परतण्याची शक्यता q असेल, तर परतल्यावर खेळ नव्याने सुरू होतो, म्हणून ही सरासरी q/(1−q). बेरीज अनंत निघाली की q = 1 असणारच. प्रतलावर पदं 1/(πn) सारखी, म्हणून बेरीज अनंत, पण अगदी रडतखडत. त्रिमितीत पदं n^(3/2) ने घटतात आणि बेरीज ०.५२ च्या आसपास थांबते.

त्या "रडतखडत"नेच एका पोराला रडवलं. चोपड्याकडचा, हुशार, पण घाई फार. ऐन मे महिन्यात धावत आला: "सर, हाई काही परत येत नही!" प्रतलावर दहा हजार पावलांच्या हजार चाली चालवल्या होत्या, चौथ्या हिश्श्याहून जास्त परतल्याच नाहीत, म्हणून प्रमेयच चुकलं म्हणे. मी म्हटलं, दहा लाख पावलं चालव. रात्रभर मशीन घरघरलं (मधे दोनदा लाइट गेली), तरी पाचातली जवळपास एक चाल बाहेरच. न परतलेल्यांचा वाटा लॉगच्या गतीने घटतो, पावलं शंभरपट केली तरी २६ टक्क्यांवरून १९ वर. म्हणून प्रतलाच्या बाबतीत मी सिम्युलेशनवर निकाल देतच नाही, कागद काढतो.

दुसरी माझी नावडती: "रेषेची शक्यता, तिचा घन केला की त्रिमिती." प्रतलावर वर्ग चालतो, कारण x+y आणि x−y ही दोन्ही प्रत्येक पावलाला ±1 ने, एकमेकांपासून स्वतंत्र बदलतात. त्रिमितीत अशी सोय नाही. दुसऱ्याच पावलाला तपासा: रेषेवर 1/2, प्रतलावर 1/4, त्रिमितीत सहा दिशा म्हणून 1/6, घन मात्र 1/8 सांगतो. घनाने मिळते ती आठ कर्णांवर उड्या मारणारी वेगळी चाल आहे, तिची परतण्याची शक्यता ०.२८ येते. ०.२८ दिसलं की मी वही न वाचताच ओळखतो.

आणि हो, हमखास परततो म्हणजे लवकर परततो असं नाही. रेषेवरसुद्धा परतायला लागणाऱ्या वेळेची सरासरी अनंत आहे.