कार्नोच्या गणितात हरवलेले ५० किलोज्यूल

थर्मोडायनॅमिक्सच्या असाइनमेंटमधलं एक गणित मी दोनदा सोडवलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणांनी चुकलो. नव्याने शिकणारे बहुतेक जण याच दोन ठिकाणी अडतात.

गणित असं होतं. उष्णतेचा स्रोत ५२७ अंश सेल्सिअसला, सिंक २७ अंशांना. एका चक्रात स्रोताकडून ४०० किलोज्यूल उष्णता मिळते. पण उष्णता घेताना इंजिनातला वायू ३२७ अंशांवरच असतो. सोडताना तो सिंकच्याच तापमानाला असतो. आतलं चक्र कार्नोचं, म्हणजे पूर्ण प्रत्यावर्ती. कार्यक्षमता आणि एन्ट्रॉपीची निर्मिती काढा.

पहिल्यांदा मी सेल्सिअसचेच आकडे सूत्रात घातले. १ − २७/५२७ म्हणजे जवळपास ९५ टक्के! या उत्तरानुसार सिंकला जेमतेम २० किलोज्यूल मिळतात. मग सिंकची एन्ट्रॉपी वाढते २०/३०० = ०.०७, आणि स्रोताची घटते ४००/८०० = ०.५ किलोज्यूल प्रति केल्विन. बेरीज ऋण आली, म्हणजे असं इंजिन असूच शकत नाही. ही पडताळणी दोन ओळींची आहे. उत्तराखाली ती लिहायची सवय मला तिथूनच लागली.

दुसऱ्यांदा केल्विन घेतले: ८०० आणि ३००. कार्यक्षमता ६२.५ टक्के, काम २५० किलोज्यूल, एन्ट्रॉपी निर्मिती शून्य. दिसायला चोख, तरीही चूक, कारण वायूचं तापमान मी वापरलंच नव्हतं. इंजिनाला ८०० केल्विन माहीतच नाहीत. त्याला उष्णता मिळते ती ६०० केल्विनला.

म्हणून बरोबर मांडणी अशी:

η = १ − ३००/६०० = ०.५
काम = ०.५ × ४०० = २०० किलोज्यूल
सिंकला दिलेली उष्णता = ४०० − २०० = २०० किलोज्यूल

आता एन्ट्रॉपी. स्रोताची ०.५ ने घटली, सिंकची २००/३०० = ०.६६७ ने वाढली. वायू चक्र संपवून मूळ स्थितीला येतो, त्यामुळे त्याचा बदल शून्य. एकूण निर्मिती ०.१६७ किलोज्यूल प्रति केल्विन.

चक्र प्रत्यावर्ती असूनही ही आली कुठून, यावर मी बराच वेळ अडलो होतो. उत्तर इंजिनात नाही, त्याच्या भिंतीत आहे. ८०० केल्विनहून निघालेली उष्णता ६०० केल्विनच्या वायूत शिरते तेव्हा ४००/६०० − ४००/८०० करून पाहा: तेच ०.१६७. वायूभोवती सीमा आखली तर निर्मिती शून्य. स्रोत आणि सिंक आत घेतले तर ०.१६७. म्हणून आकडे घालण्याआधी आकृतीवर सीमेची तुटक रेघ काढा आणि प्रश्न कुणाची एन्ट्रॉपी विचारतोय ते पाहा.

आणि या गणितातला मला सर्वांत आवडलेला भाग: निर्मितीला सिंकच्या तापमानाने गुणा. ३०० × ०.१६७, म्हणजे ५० किलोज्यूल. २५० मधून २०० वजा केले की उरतात तेवढेच.