आई-वडिलांनी पाठवलेली मोठी रक्कम : बँकेला काय दाखवायचं

इथे परदेशात येऊन वर्ष-दोन वर्षं झाली की घराचा विषय निघतो, आणि डाउन पेमेंटसाठी आई-वडील पैसे पाठवतात. मग बँक विचारते, हे पैसे कसले? बरेच जण घाईघाईने "वडिलांनी दिले" एवढं कळवून मोकळे होतात आणि तिथेच अडकतात. बँकेला खरं तर तीन गोष्टी जुळवून बघायच्या असतात : पाठवणारी व्यक्ती तुमची कोण, पैसे परत द्यायचे आहेत का, आणि तिच्याकडे ते आले कुठून.

पहिल्या दोन गोष्टींसाठी गिफ्ट डिक्लरेशन लागतं. बँकेचा स्वतःचा नमुना असेल तर तोच भरा. नसेल तर एका पानाचं साधं पत्र पुरतं. भाषा मात्र बँकेला वाचता येईल अशी हवी. त्याचा गाभा असा असतो : "मी, अमुक, माझ्या मुलीला, तमुक हिला, या तारखेला या खात्यातून इतकी रक्कम भेट देत आहे. हे कर्ज नाही. ही रक्कम परत घेणार नाही, तिच्यावर व्याज घेणार नाही आणि या पैशांतून घेतलेल्या घरात माझा हिस्सा राहणार नाही." खाली देणाऱ्याची सही, पत्ता आणि तारीख. पत्र पैसे पाठवण्याआधीच करा. उशीर झाला असेल तर आजची तारीख घालून "अमुक दिवशी दिलेली भेट" असं लिहा, मागची तारीख कधीही टाकू नका. आणि पैसे हळूहळू परत करायचे असं घरात ठरलं असेल, तर या पत्रावर कोणीही सही करू नये. ते कर्ज आहे, आणि गृहकर्ज देणाऱ्याला तसंच सांगायला हवं. खोटं लिहून देणं ही फसवणूक ठरते.

नात्याच्या पुराव्यापाशी आपली माणसं सर्वात जास्त अडतात. माझंच सांगते. आई-बाबांनी प्लॉट विकून ५०,००० पाठवले. मी बाबांच्या सहीचं पत्र आणि माझा जन्मदाखला दिला. बँकेने रक्कम रोखून धरली. खातं दोघांचं होतं, पण पैसे पाठवणारी म्हणून नाव आईचं आलं होतं, आणि पत्रात आईचा उल्लेखच नव्हता. शिवाय जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि त्यात त्याची चूक नव्हती. शेवटी आई-बाबांचा विवाहाचा दाखला दिला, कारण त्यावर आईची दोन्ही नावं होती. दोघांच्या सहीचं नवीन पत्र केलं, तेव्हा कुठे काम झालं.

म्हणून पैसे निघण्याआधी एक गोष्ट करा. जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि तुमचं ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षरन् अक्षर ताडून बघा. जिथे साखळी तुटते तिथे जोडणारा कागद हवा : विवाहाचा दाखला, नावबदलाचा कागद, किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र. लग्नानंतर तुमचंही आडनाव बदललं असेल तर तुमचाही विवाहाचा दाखला लागतो. दाखला बँकेच्या भाषेत नसेल तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. स्वतः केलेलं भाषांतर सहसा चालत नाही.

तिसरा प्रश्न पैशांच्या उगमाचा. आमच्या बाबतीत प्लॉटचं विक्रीखत आणि विक्रीची रक्कम ज्यात जमा झाली ते स्टेटमेंट पुरलं. पैसे निघायच्या आदल्या आठवड्यात खात्यात दुसरी मोठी रक्कम आली असेल, तर तीही विचारली जाते. काकांनी किंवा भावाने आई-वडिलांच्या खात्यात भर घातली असेल तर ते पैसे आई-वडिलांची भेट म्हणून दाखवू नका; त्यांचं वेगळं पत्र करा. चौकशी टाळायला रक्कम मुद्दाम लहान लहान हप्त्यांत पाठवणं तर सर्वात घातक, कारण बँकेची यंत्रणा नेमकं तेच शोधत असते. मर्यादेमुळे खरंच तीनदा पाठवावे लागले, तर तिन्ही तारखा आणि रकमा पत्रात लिहा.

आमच्या ५०,००० पैकी हातात ४९,९६५ आले. मधल्या बँकेने ३५ कापले. पत्रातला आकडा आणि जमा झालेला आकडा वेगळा दिसला की पुन्हा विचारणा होते. त्यामुळे पत्रात पाठवलेली रक्कम लिहा आणि सोबत शुल्क दाखवणारी पावती जोडा.

बँकेने हे सगळं मान्य केलं म्हणजे कराचा प्रश्न सुटला असं नाही. भेटीवर कर किंवा माहिती देण्याचं बंधन दोन्ही देशांत वेगवेगळं असू शकतं, ते करसल्लागाराला स्वतंत्रपणे विचारा. कागद मात्र तेच लागतील, म्हणून सगळ्याची एक प्रत घर ताब्यात आल्यावरही जपून ठेवा.