नोटीस पोर्टलवर, ईमेलला आणि पोस्टाने वेगवेगळ्या तारखांना आली, मुदत कशी मोजली (माझा अनुभव)

नोटीशीत लिहिलेलं 'बजावल्यापासून 15 दिवसांत', पण ती पोर्टलवर 3 मार्चला चढली, ईमेल 6 ला आला आणि पाकीट 12 ला हातात पडलं. मी पाकिटापासून मोजून 27 मार्च धरला, 20 तारखेला बघतो तर पोर्टलवर उत्तराचं बटण बंद, पोटात गोळाच आला.

आधी नोटीशीवरच्या तारखेपासून मोजून बघितलं, मग ईमेलपासून, पण पोर्टलशी काहीच जुळेना.

शेवटी जमलं ते असं. आधी वाक्य नीट वाचलं, कारण 'नोटीशीच्या तारखेपासून', 'बजावल्यापासून' आणि 'अमुक तारखेपर्यंत' या तिन्हींचा हिशोब वेगळा असतो. मग कुठली पद्धत बजावणी मानतात ते नियमात शोधलं, तर पोर्टलवर टाकणंही चालतं असं निघालं, म्हणजे सुरुवात 3 मार्च. तो दिवस सोडायचा, 4 तारीख पहिला दिवस, म्हणून पंधरावा 18 मार्च. मी सुरुवात पाकिटापासून धरली, चूक इथेच होती.

त्याच दिवशी, म्हणजे 20 मार्चला, पोर्टलवरच्या तारखेचा स्क्रीनशॉट, ईमेल पूर्ण हेडरसकट आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का असं सगळं जोडून, तिन्ही तारखा लिहून, उशीर माफ करायचा अर्ज उत्तरासोबतच दिला, आणि तो मंजूर झाला. पाकीट फेकलं नव्हतं म्हणून वाचलो.

आता तिन्हीतली सगळ्यात आधीची तारीखच धरतो, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर आदल्या कामाच्या दिवशीच उत्तर देतो, कारण सुट्टीमुळे मुदत पुढे जातेच असं सगळीकडे नाही.