एक काडी दिसते, पण पान उघडत नाही: या चुका टाळा

खानापूरकडच्या आमच्या आत्याच्या घरी राऊटर सोप्यात आणि भाच्याची अभ्यासाची खोली परसाकडे. मध्ये जांभ्या चिऱ्याच्या दीड-दीड फुटी दोन भिंती. खोलीत फोनवर वायफाय 'कनेक्टेड' आणि एक काडी, पण पान गोल गोल फिरून शेवटी टाइमआउट.

पहिली चूक म्हणजे त्या काडीवर विश्वास ठेवणं. राऊटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो, एवढंच ती सांगते. फोनचा रेडिओ राऊटरपेक्षा सहसा कमी ताकदीचा असतो. सोप्यातल्या आजोबांची हाक परसात येते, पण पोराची 'ओ' त्यांच्यापर्यंत पोचत नाही, तसला प्रकार. शिवाय राऊटर आपलं नाव सगळ्यात संथ वेगात पुकारतो, म्हणून ते लांबवर कळतं. पानाची मागणी मात्र वाटेत हरवते. फोन ती पुन्हा पाठवतो, दर खेपेला जास्त थांबून.

दुसरी चूक: लगेच नेटवाल्याला फोन लावणं. आत्यानं दोनदा लावला होता. त्याआधी त्याच खोलीत विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे करा. राऊटरचा पत्ता त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, तुमचा वेगळा असेल तर तो टाका.

```
ping -n 50 192.168.1.1
```

ही तपासणी राऊटरला 50 हाका मारून घरातल्या घरातच होते, बाहेरच्या लाइनीचा संबंध नाही. भाच्याच्या खोलीत 50 पैकी 17 उत्तरं आलीच नाहीत, सोप्यात सगळी आली. म्हणजे दोष भिंतींचा. सोप्यातही गळती असती, तर आधी राऊटरच तपासावा लागला असता. दोन्हीकडे उत्तरं नीट येऊनही पान अडलं, तरच नेटवाला.

तिसरी चूक सगळ्यात महागडी, आणि ती आम्हीच केली. राऊटरचा सिग्नल पुढे पोचवणारा एक्स्टेंडर थेट भाच्याच्या खोलीत लावला. काड्या पूर्ण भरल्या, पान तरीही अडलेलंच! फोनला एक्स्टेंडर जवळ मिळाला, पण एक्स्टेंडरला राऊटर तेवढाच लांब. खोलीत सिग्नल उणे 84 डीबीएम होता (वायफाय अॅनालायझरसारख्या अॅपवर आकडा दिसतो). माजघराच्या दारात तो उणे 66 निघाला. एक्स्टेंडर तिथं हलवला, पुन्हा पिंग केलं, तर 50 पैकी एकच हरवलं. उणे 70 च्या आसपास किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा मिळेल, तिथंच एक्स्टेंडर लावा. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा असल्या भिंतींत लवकर दमतो, लांबच्या खोलीसाठी 2.4 घ्या.

साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. अभ्यासाच्या व्हिडिओला तेवढा पुरतो. घरात चौघं एकदम बघत असतील, तर परसापर्यंत लॅनची वायर ओढून तिकडे दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावावा. आत्या म्हणाली, "भिंतीला भोक पाडायचं असेल तर पावसाळा होऊ दे."