फीची आठवण पाठवण्याआधी हजेरी आणि जमा कशी जुळवावी

सांगलीत ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा अनेक वर्ग बंद राहिले. अशा महिन्यात हजेरीतल्या रिकाम्या रकान्यांना कुणी गैरहजेरी समजलं की फीचा हिशेब तिथेच बिघडतो. म्हणून पहिलं काम खुणा ठरवण्याचं. आला तर 'ह', न कळवता गैरहजर तर 'ग', कळवलेली रजा 'र', वर्गच बंद असेल तर 'ब', आणि प्रवेशाआधीच्या तारखांना '-'. रिकामा रकाना म्हणजे नोंद राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं, नियम आधी लिहून प्रवेश अर्जावर पालकांची सही घ्या. महिन्याच्या मध्ये प्रवेश घेणाऱ्याला उरलेल्या तासांच्या प्रमाणात फी लावावी, पण मूल गैरहजर राहिलं म्हणून फी कमी करू नये. ती सवलत एकाला दिली की दहा जण मागतात. हजेरीवरून दोनच गोष्टी ठरवायच्या, फी कुठल्या तासापासून सुरू होते आणि आठवण पाठवायची की आधी फोन करायचा.

गुगल शीट्समध्ये 'हजेरी', 'जमा' आणि 'येणे' अशी तीन पानं करा. तिन्हीकडे मुलाची ओळख नावाने नको, S-014 असा क्रमांक द्या. एकाच आडनावाची भावंडं असतात, आणि यूपीआयचे पैसे बऱ्याचदा काकांच्या खात्यातून येतात. हजेरीत तारखा D ते AA या 24 रकान्यांत आहेत असं धरू. मुलासाठी झालेले तास असे मोजा, यात 'ब' आणि '-' येत नाहीत:

```
=COUNTIF(D5:AA5,"ह")+COUNTIF(D5:AA5,"ग")+COUNTIF(D5:AA5,"र")
```

'येणे'मध्ये A रकान्यात क्रमांक आणि C मध्ये महिन्याची देय फी ठेवा. 'जमा'मध्ये B रकान्यात क्रमांक, D मध्ये रक्कम आणि E मध्ये यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक. दर महिन्याला 'जमा'चं नवं पान घ्या. भरलेली रक्कम अशी येते:

```
=SUMIF('जमा'!B:B,A2,'जमा'!D:D)
```

इथे एक छुपा धोका आहे. क्रमांक लिहिताना मागे एक जागा जास्त पडली, तर हे सूत्र चूक दाखवत नाही, गुपचूप 0 देतं, आणि पैसे भरलेल्या पालकाला थकबाकीची आठवण जाते. म्हणून पाठवण्याआधी 'जमा'मधल्या सगळ्या रकमांची बेरीज आणि 'येणे'मधल्या भरलेल्या रकमांची बेरीज ताडून पाहा. दोन्ही सारख्या नसतील तर संदेश थांबवा. फरकाची रक्कम शोधली की चुकीची नोंद बहुधा सापडते. कुणाचे पैसे आहेत ते कळत नसेल तर ती रक्कम 'जमा'मध्ये क्रमांकाशिवाय वेगळी ठेवा आणि बेरजा ताडताना ती वगळा, अंदाजाने कुणाच्या नावावर घालू नका. दोन भावंडांचे 2000 एकत्र आले असतील तर तोच व्यवहार क्रमांक देऊन दोन ओळी करा.

एक उदाहरण पाहू. मासिक फी 1200 रुपये. महिन्यात 24 तास ठरलेले, पाण्यामुळे 4 बंद, म्हणजे 20 झाले. विश्रामबागेतल्या एका वर्गात एक मुलगी 8 तास होऊन गेल्यावर आली. तिच्यासाठी उरले 12, म्हणून देय 1200 × 12 ÷ 20 = 720 रुपये. त्यात ती 9 तास हजर, 3 वेळा कळवलेली रजा. रजेचे तासही मोजले, कारण वर्ग झाले होते. भरले 500, राहिले 220. हजेरी न बघता हिशेब केला असता तर वडिलांना 700 रुपयांची आठवण गेली असती.

आठवणीचा मजकूर मोजका पण पूर्ण असावा, आणि तो पालकाच्या नंबरवरच जावा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही:

"नमस्कार. आपल्या मुलीचे जुलैचे झालेले तास 12, हजर 9, रजा 3. देय 720, जमा 500, बाकी 220 रुपये. हिशेब 5 तारखेपर्यंतचा आहे. त्यानंतर भरले असल्यास कृपया व्यवहार क्रमांक कळवा."

हजेरीत शेवटचे सहा तास सलग 'ग' दिसत असतील, तर त्या घरी फीचा संदेश पाठवू नका. आधी फोन करा, कारण मूल आजारी असेल किंवा वर्ग सोडलाही असेल. सोडला असेल तर शेवटच्या हजेरीनंतरची फी लावायची की नाही, हेही अर्जातल्या नियमातच असायला हवं.

तासगाव-पलूसकडच्या बऱ्याच पालकांचं उत्तर असतं, "सर, उसाचं बिल आलं की देतो." त्यासाठी 'येणे'मध्ये 'मुदत' नावाचा रकाना करून सांगितलेली तारीख लिहा, आणि ती उलटेपर्यंत तो क्रमांक पाठवायच्या यादीतून बाजूला ठेवा.